दहा लाखांवरची शहरं नेमकी किती? ४६ की ५३?

प्रश्न: २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येची शहरं कुठे ५३ लिहिलीत, कुठे ४६. ५३ च्या यादीत मलप्पुरम आणि कन्नूर आहेत, पण ठाणे आणि पिंपरी-चिंचवड नाहीत. हे कसं काय? आणि २००१ मध्ये ३५ होती, मग दहा वर्षांत एकदम १८ कशी वाढली? परीक्षेत कोणता आकडा लिहू?

उत्तर:

दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. ४६ ही महापालिकेच्या हद्दीत मोजलेली शहरं. ५३ हे 'नागरी समूह' अधिक समूहात न मोडणारी एकेकटी शहरं. पेपरात 'दशलक्षी शहरं' एवढंच विचारलं असेल तर ५३ लिहा, कारण जनगणना कार्यालय स्वतः तोच आकडा जाहीर करतं आणि ३५ हा २००१ चा आकडाही त्याच पद्धतीचा आहे. परीक्षेपुरतं एवढं पुरे. पण तुमच्या मलप्पुरमच्या शंकेत खरी गंमत आहे, आणि नगरनियोजनात वीसेक वर्षं या तक्त्यांशी झटापट केल्यावर मला वाटतं की ती एकदा समजली की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी आपल्या घरचा हिशोब करू. २०११ मध्ये महाराष्ट्रात महापालिकेच्या हद्दीत दहा लाख ओलांडलेली शहरं दहा होती: बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर) आणि नवी मुंबई. ५३ च्या यादीत मात्र महाराष्ट्राची नावं सहाच. उरलेली चार गेली कुठे? ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई 'बृहन्मुंबई नागरी समूहा'च्या पोटात गेली, पिंपरी-चिंचवड पुण्याच्या. दहातून चार गेले, सहा राहिले.

मुंबईचं पोट उघडून बघू, म्हणजे समूह म्हणजे काय ते दिसेल. आकडे लाखांत आणि गोळाबेरीज करून देतोय. बृहन्मुंबई महापालिका १२४.४, ठाणे १८.४, कल्याण-डोंबिवली १२.५, नवी मुंबई ११.२, मिरा-भाईंदर ८.१, उल्हासनगर ५.१, अंबरनाथ २.५, बदलापूर १.७. बेरीज १८३.९ लाख, म्हणजे जवळपास १ कोटी ८४ लाख. 'मुंबईची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख' असं जे सर्रास वाचायला मिळतं ते या आठ शहरांचं मिळून आहे. दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांच्या आतली मुंबई १ कोटी २४ लाखांचीच.

या बेरजेत भिवंडी नाही आणि वसई-विरारही नाही. भिवंडीचा स्वतःचा वेगळा समूह होता. वसई-विरार ५३ च्या यादीत स्वतंत्र शहर म्हणून बसलंय. रोज चर्चगेटला जाणाऱ्या विरारकराला ही वाटणी पटणार नाही. पण लोक कामाला कुठे जातात हे जनगणनेची व्याख्या विचारतच नाही. ती फक्त वस्ती सलग आहे का ते बघते. २०११ पुरती व्याख्या अशी होती: एक शहर आणि त्याला चिकटून वाढलेला भाग, किंवा एकमेकांना भिडलेली दोन-तीन शहरं, यांचा सलग नागरी पसारा. त्यातलं किमान एक शहर कायद्याने शहर ठरलेलं हवं, म्हणजे तिथे महापालिका, नगरपालिका, कटक मंडळ असं काहीतरी हवं, आणि सगळ्यांची मिळून लोकसंख्या २००१ च्या मोजणीत किमान २० हजार हवी. बस. यात लोकल ट्रेन नाही, नोकरी नाही, बाजारपेठ नाही. राज्याची सीमा आली की पसारा कागदावर तिथेच थांबतो. दिल्लीला जवळजवळ चिकटलेली फरिदाबाद आणि गाझियाबाद म्हणूनच ५३ मध्ये वेगवेगळी मोजली आहेत.

आता केरळ. २००१ च्या ३५ च्या यादीत केरळचं एकच नाव होतं, कोची. २०११ मध्ये सात झाली: कोची, कोझिकोड, त्रिशूर, मलप्पुरम, तिरुवनंतपुरम, कन्नूर, कोल्लम. ४६ च्या यादीत मात्र केरळचं एकही नाव नाही! म्हणजे महाराष्ट्र एका यादीत दहा आणि दुसरीत सहा, तर केरळ एका यादीत शून्य आणि दुसरीत सात. जनगणना एकच, देश एकच.

यातलं कन्नूर जवळून बघण्यासारखं आहे. २०११ मध्ये कन्नूर नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ५७ हजार माणसं राहत होती, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी. २००१ मध्ये ती याहून थोडी जास्तच होती. पण कन्नूर नागरी समूहाची लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाखांच्या जरा खाली होती आणि २०११ मध्ये १६.४ लाख झाली. तिप्पट! मग दहा वर्षांत तिथे अकरा लाख माणसं आली का? संपूर्ण कन्नूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये २४.१ लाख होती, २०११ मध्ये २५.२ लाख. अख्ख्या जिल्ह्यात वाढ सव्वा लाखाच्याही आत. म्हणजे माणसं जिथल्या तिथेच होती, त्यांच्या गावांपुढचा शिक्का बदलला.

हा शिक्का म्हणजे 'जनगणना शहर'. तक्त्यात गावाच्या नावापुढे `CT` अशी दोन अक्षरं दिसतात, ती याची. ग्रामपंचायतच असते, नगरपालिका नसते, पण तीन कसोट्या पार केल्या की जनगणना त्या गावाला मोजणीपुरतं शहर मानते. लोकसंख्या किमान ५ हजार, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात बहुतेक गावं पहिल्या दोन कसोट्यांतच गळतात. केरळात पहिल्या दोन कसोट्या नावालाच उरतात. तिथली महसुली गावं अवाढव्य, पाच हजारांचा आकडा सहज ओलांडणारी, आणि अख्ख्या राज्याची सरासरी घनताच २०११ मध्ये ८६० होती. राहिली फक्त तिसरी, शेतीची. नारळाच्या बागेतलं घर, पण घरातला पुरुष दुकानात, गवंडीकामावर, शाळेत किंवा ट्रकवर, असं चित्र गावोगाव झालं तेव्हा गावंच्या गावं एकदम कसोटीला उतरली. केरळात २००१ मध्ये ९९ जनगणना शहरं होती, २०११ मध्ये ४६१. राज्याची एकूण लोकसंख्या त्या दशकात ५ टक्क्यांनीही वाढली नाही, पण नागरी लोकसंख्येचं प्रमाण २६ टक्क्यांवरून जवळपास ४८ टक्क्यांवर गेलं.

यात सलगतेची अट घाला. केरळच्या किनारपट्टीत गाव कुठे संपतं आणि पुढचं कुठे सुरू होतं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे दोन शहरांच्या मधली गावं जनगणना शहरं झाली की साखळी जुळते आणि सगळा पट्टा एका समूहात येतो. एक गाव कसोटीत नापास झालं की साखळी तिथेच तुटते आणि त्यापलीकडची शहरं बाहेर राहतात. म्हणून समूहाचा आकडा हळूहळू न वाढता उडी मारून वाढतो. मलप्पुरम समूह २००१ मध्ये १.७ लाखांचा होता, २०११ मध्ये सुमारे १७ लाखांचा झाला. दसपट. शहरात माणसं दहा वर्षांत सहसा अशी वाढत नाहीत. असा आकडा दिसला की तो रेषा बदलल्याचा पुरावाच समजा.

आणखी एक बारकावा, जो पुष्कळदा जाणत्यांच्याही नजरेतून सुटतो. २०११ साठी कुठलं गाव शहर आणि कुठला पसारा समूह, हे मोजणीच्या आधी ठरवावं लागतं, कारण प्रगणकाला आधी नकाशा द्यावा लागतो. त्या वेळी हाताशी आकडे २००१ चेच. २००१ मध्ये ज्या गावांची लोकसंख्या ४ हजारांवर होती ती २०११ पर्यंत पाच हजार होतील असं धरून घेतलं, आणि शेती किंवा बिगरशेतीचं प्रमाणही २००१ चंच तपासलं. म्हणजे केरळचं जे 'अचानक' शहरीकरण २०११ च्या यादीत दिसतं, त्याचा आधार २००१ मध्येच तयार होता. यादी एक जनगणना मागून चालते.

आता १८ चा हिशोब. २००१ च्या ३५ पैकी एकही गळलं नाही. नवी आलेली १८ अशी: केरळची सहा, वसई-विरार, आणि औरंगाबाद, गाझियाबाद, चंदीगड, श्रीनगर, जोधपूर, कोटा, ग्वाल्हेर, रायपूर, दुर्ग-भिलाई, रांची, तिरुचिरापल्ली.

केरळच्या सहांचं कारण सांगून झालं. वसई-विरारचं कारण वेगळं. २००१ मध्ये तिथे वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर अशा चार नगरपालिका होत्या आणि चारही मिळून लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास. जुलै २००९ मध्ये या चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २००९ ला गोठवल्या होत्या. म्हणजे महापालिका सहा महिने आधी झाली म्हणून ती १२.२ लाखांचं एक शहर म्हणून यादीत आली. तिथे माणसंही खरोखर प्रचंड वाढली, हे नालासोपाऱ्याच्या फलाटावर सकाळी आठला उभं राहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. पण 'एक शहर' ही गोष्ट एका शासकीय अधिसूचनेतून आली. त्या अधिसूचनेला वर्षभर उशीर झाला असता तर तक्त्यात चार नगरपालिका आणि आसपासची गावं सुटी सुटी दिसली असती.

उलट बाजूचं उदाहरण चेन्नईचं. तिथल्या महापालिकेची हद्द ऑक्टोबर २०११ मध्ये मोठी वाढली, म्हणजे मोजणी झाल्यावर काही महिन्यांनी. त्यामुळे २०११ च्या तक्त्यात चेन्नई शहर ४६.५ लाखांचंच दिसतं, जुन्या हद्दीतलं.

उरलेल्या अकरांपैकी बहुतेकांनी साध्या रस्त्यानेच रेषा ओलांडली. औरंगाबाद समूह ८.९ लाखांवरून ११.९ लाखांवर गेला. कोटा तर जेमतेम दीड-दोन हजार माणसांनी दहा लाखांच्या पलीकडे पोचलं. आणि आपलं सोलापूर ९.५ लाखांवर अडलं, पन्नासेक हजार माणसं कमी पडली म्हणून यादीबाहेर. कोटा 'दशलक्षी' आणि सोलापूर नाही, एवढ्यावरून दोन शहरांच्या स्वभावात फार फरक आहे असं समजू नका.

५३ मधून केरळची सहा आणि वसई-विरार वजा केलं तर ४६ उरतात. हा ४६ आणि तुम्ही प्रश्नात लिहिलेला ४६ यांचा काडीचाही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण एका प्रशिक्षणवर्गात मी हा हिशोब फळ्यावर मांडला आणि निम्म्या मुलांनी दोन्ही ४६ एकच समजून वहीत उतरवून घेतले, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता माझी स्वतःची चूक. एका पाणीपुरवठ्याच्या प्राथमिक अहवालात पुण्याची वाढ काढायची होती. २००१ चा आकडा मी घेतला शहराचा, २५.४ लाख. २०११ चा घेतला समूहाचा, ५०.६ लाख. दहा वर्षांत दुप्पट! आराखड्यातल्या पाण्याच्या टाक्या त्या हिशोबाने फुगल्या. एका ज्येष्ठ अभियंत्याने बैठकीत शांतपणे विचारलं, "पिंपरीवाले तुमच्या पाइपलाइनवर आहेत का हो?" शहराला शहर लावलं तर वाढ २५.४ वरून ३१.२ लाख, म्हणजे २३ टक्के. समूहाला समूह लावला तर ३७.६ वरून ५०.६, म्हणजे साधारण ३५ टक्के. मी काढलेली ९९ टक्के वाढ कुठल्याच पुण्याची नव्हती.

बंगळुरूत तर यादी न बदलताही सापळा आहे. शहर २००१ मध्ये ४३ लाख, २०११ मध्ये ८४.४ लाख. समूह ५७ लाखांवरून ८५.२ लाख. शहर दुप्पट झालेलं दिसतं, कारण २००७ मध्ये आसपासच्या नगरपालिका आणि गावं महापालिकेत ओढली गेली. त्यातली बहुतेक माणसं समूहात आधीपासूनच मोजली जात होती. म्हणून अशा वेळी समूहाचा आकडा जास्त विश्वासाचा. केरळात नेमकं उलटं: तिथे शहराची हद्द जवळपास तशीच राहिली आणि समूह फुगला. कुठला आकडा भरवशाचा हे त्या-त्या ठिकाणी दोन जनगणनांच्या मधे कुठली रेषा हलली यावर अवलंबून आहे. सरसकट नियम मला तरी सापडलेला नाही.

स्वतः तपासायचं असेल तर मी असं करतो. जनगणनेच्या `A-4` तक्त्यात समूहाच्या नावाखाली त्याचे घटक ओळीने दिलेले असतात. दोन्ही वर्षांच्या घटकांच्या याद्या शेजारी ठेवायच्या. २०११ मध्ये नवीन दिसणारा प्रत्येक घटक २००१ मध्ये काय होता ते शोधायचं. तो तेव्हा गाव असेल तर नागरी तक्त्यात सापडत नाही, जिल्ह्याच्या गावनिहाय यादीत बघावं लागतं. मग २०११ च्या हद्दीत २००१ ला किती माणसं होती याची बेरीज करायची. खरी वाढ ती. एवढा वेळ नसेल तर निदान जिल्ह्याची एकूण वाढ बघून घ्या, कन्नूरला बघितली तशी. समूह तिप्पट आणि जिल्हा पाच टक्के, असं दिसलं की पुढचं काही विचारायला नको.

याआधीच्या दशकांत हा गोंधळ होता का? होता, पण कमी. १९५१ मध्ये दशलक्षी शहरं पाचच होती: मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास, हैदराबाद. १९६१ ला ७, १९७१ ला ९, १९८१ ला १२, १९९१ ला २३. 'नागरी समूह' ही आजची संज्ञा १९७१ पासूनची. त्याआधी 'शहरगट' अशी वेगळी कल्पना वापरत. त्यामुळे १९५१ पासून आजपर्यंतचा एकच आलेख काढणाऱ्यांनी मधे एक सांधा आहे हे ध्यानात ठेवलेलं बरं.

ही यादी फक्त परीक्षेपुरती नाही. पंधराव्या वित्त आयोगाने दशलक्षी शहरांसाठी वेगळा निधी ठेवला तो याच ५३ मधून दिल्ली, चंदीगड आणि श्रीनगर वगळून उरलेल्या ५० समूहांसाठी. कन्नूर त्यात आहे, सोलापूर नाही.

पुढची मोजणी २०२७ ची आहे. मधे २०२१ ची झालीच नाही, त्यामुळे गावं तपासायला हाताशी पुन्हा २०११ चेच आकडे, या खेपेला सोळा वर्षं जुने. दरम्यान पनवेलची महापालिका झाली, पुण्याच्या हद्दीत दोन टप्प्यांत चौतीस गावं आली. वसई-विरार या वेळी बृहन्मुंबई समूहात धरलं गेलं तर मुंबईचा आकडा बारा लाखांहूनही जास्त चढेल आणि महाराष्ट्राच्या दशलक्षींमधून एक नाव कमी होईल. तेव्हा नवी यादी आली की एकूण किती झाली ते नंतर बघा, आधी बृहन्मुंबईच्या ओळीखाली किती नावं आहेत ती मोजा. २०११ मध्ये ती आठ होती.